लांब फीडरवरचा व्होल्टेज रेग्युलेटर: एलडीसीचे आर आणि एक्स नेमके किती ठेवायचे?

शेवटचा_खांब

नमस्कार मंडळी. आमच्या एका ११ केव्ही फीडरवर नुकताच स्टेप व्होल्टेज रेग्युलेटर बसला. तीन सिंगल फेज टाक्या, स्टार जोडणी, न्यूट्रल अर्थ केलेला. वर-खाली १० टक्के, ३२ पायऱ्या, म्हणजे एका पायरीला ०.६२५ टक्के. रेग्युलेटरच्या पुढे मुख्य लाइन १४ किमी आहे, सगळी रॅबिट कंडक्टरची. पीकला रेग्युलेटरमधून साधारण १०० अँपिअर जातात, मध्यरात्रीनंतर २० पर्यंत उतरतात. पॉवर फॅक्टर ०.९ च्या आसपास.

बसवणारे सेट व्होल्टेज १२४ ठेवून आणि एलडीसी बंद ठेवून गेले. (कंट्रोल १२० च्या मापात बोलतो, पीटी रेशो ५३ आहे. खाली सगळीकडे मी त्याच मापात लिहितोय.) त्यामुळे रेग्युलेटरच्या दारातल्या लोकांना कायम १२४ मिळतात आणि शेवटच्या डीपीला संध्याकाळी ११५ च्याही खाली. त्याच डीपीला मध्यरात्री १२२. संध्याकाळी तिथले मोटारवाले ओरडतात, आणि टॅप वाढवून द्यावा तर रात्री तेच लोक बल्ब उडाल्याची तक्रार घेऊन येतात.

म्हणून एलडीसी चालू करायचं ठरवलं. गरम तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.६ ओहम आणि रिअॅक्टन्स ०.३६ धरला. १४ किमीचे झाले ८.४ आणि ५.०४ ओहम. सीटी २०० अँपिअरची. पुस्तिकेतल्या सूत्रात घातलं:

```
R_set = (CT / PT) x R_line = (200 / 53) x 8.40 = 31.7
X_set = (CT / PT) x X_line = (200 / 53) x 5.04 = 19.0
```

आता गंमत अशी की आमचा कंट्रोल २४ च्या वरचा आकडा घेतच नाही. माझं गणित चुकलं, की रेग्युलेटरच चुकीच्या जागी बसला?

दीपमाळ

माझ्याही घरी स्टॅबिलायझर आहे आणि संध्याकाळी तो सारखा टकटक करतो. त्यालाही असं काही सेटिंग असतं का? मागे एक छोटा स्क्रू दिसतो.

ओहमपंत

दीपमाळ, इथे खांबावरच्या टाक्यांची चर्चा चाललीय, घरच्या डब्याची नाही. तो स्क्रू फिरवू नका.

शेवटचा_खांब, सूत्र बरोबर आहे, तुम्ही लांबी चुकीची घेतलीत. एलडीसी शेवटच्या टोकासाठी लावायचं नसतं, लोडच्या मध्यासाठी लावायचं. लोड लाइनभर सारखं पसरलं असेल तर मध्य ७ किमीवर येतो. मग आर १५.८ आणि एक्स ९.५. सेट व्होल्टेज १२० ठेवा. झालं काम.

शेवटचा_खांब

पण मग टोकाचं काय? मध्याला १२० मिळाले तर टोकाला त्याहून कमीच मिळणार ना?

आणि एक कबूल करतो. सूत्रात घालण्याआधी मी कंट्रोलमध्ये सरळ ८.४ आणि ५ टाकून बघितलं होतं. ओहम टाकायचे असतात असंच वाटलं होतं.

जुनी_टाकी

ओहमपंतांचं गणित बरोबर आहे, पण त्याचं कारण उलटं सांगितलंय, आणि शेवटचं ‘झालं काम’ मात्र धोक्याचं आहे. एकेक घेतो.

आधी ओहमचा गोंधळ. कंट्रोलमधला आरचा आकडा व्होल्टमध्ये असतो. रेग्युलेटरमधून सीटीचा पूर्ण रेटेड करंट, तुमच्याकडे २०० अँपिअर, गेला तर किती व्होल्ट भरून काढायचे, तेवढाच त्याचा अर्थ. तुमच्याकडे पीकलाच १०० जातात, म्हणजे टाकलेल्या आकड्याचा निम्माच भाग कधी कामाला येतो. पुढेमागे सीटीचा टॅप बदलला किंवा मोठी टाकी आली तर जुने आकडे तसेच ठेवू नका, लाइन तीच असली तरी.

आता लांबी. लोड सारखं पसरलेलं असलं की पहिल्या किलोमीटरमधून सगळे १०० अँपिअर जातात आणि शेवटच्या किलोमीटरमधून जेमतेम ७. त्यामुळे टोकापर्यंतचा खरा ड्रॉप, सगळं लोड टोकाला टांगलं असतं तर जेवढा झाला असता, त्याच्या निम्मा. म्हणजे अर्ध्या लांबीचे ओहम घेतले की जो ड्रॉप निघतो तो मध्याचा नसून टोकाचा असतो. ओहमपंत, तुमचे १५.८ आणि ९.५ हे टोकाचेच आकडे आहेत. शेवटचा_खांब, तुमची शंका त्यामुळे मिटते. खऱ्या मध्याला १२० च्या वरच मिळतील.

आता ते आकडे चालवून बघा. १०० अँपिअर म्हणजे सीटीच्या निम्मे, पॉवर फॅक्टर ०.९:

```
0.5 x (15.8 x 0.9 + 9.5 x 0.436) = 9.2 V
```

सेट १२० असेल तर पीकला रेग्युलेटर बाहेर १२९.२ देणार. टोकाला बरोबर १२०, चित्रासारखे. पण रेग्युलेटरच्या पहिल्या खांबावरच्या डीपीला १२९ म्हणजे साडेसात टक्के जास्त. तुमची वरची मर्यादा ५ टक्के असेल तर ती १२६ ला संपली. टोकाच्या तक्रारी थांबतील आणि दारातल्या सुरू होतील.

एलडीसी लावताना टोकाचं व्होल्टेज ठरवून सुरुवात करू नका. दारातल्याला जास्तीत जास्त किती चालेल, तिथून सुरुवात करा.

ओहमपंत

मान्य. पण मग फर्स्ट कस्टमरची मर्यादा कंट्रोलमध्ये १२६ ला लावून टाकायची. त्याच्या वर कंट्रोल जाणारच नाही. आर-एक्स तेच राहू द्या.

जुनी_टाकी

मर्यादा लावाच, पण ती कुंपण म्हणून. रोज कुंपणाला टेकून चालायचं नाही. तुमच्या आकड्यांनी रेग्युलेटर ६५ अँपिअरच्या पुढे मर्यादेवर जाऊन बसेल. पीकचे सगळे तास आउटपुट १२६ ला चिकटलेलं आणि रात्री २० अँपिअरला १२१.८. म्हणजे ज्या वेळी एलडीसी हवं त्याच वेळी ते गोठलेलं. शिवाय १२६ हा कंट्रोलला दिसणारा आकडा, त्यात पीटीची चूक धरलेली नाही.

मी असं करतो. दोन बिंदू धरायचे. पीकला आउटपुट १२५ हवं, कारण बँड २ व्होल्टचा ठेवला तर वरचं टोक १२६ होतं. हलक्या लोडला, २० अँपिअरला, आउटपुट १२० हवं. मधल्या ८० अँपिअरमध्ये ५ व्होल्ट चढायचे, म्हणजे अँपिअरला ०.०६२५. १०० अँपिअरला ६.२५ व्होल्ट. टोकाच्या पूर्ण आकड्यांनी ९.२ येत होते, म्हणजे दोन्ही आकडे त्याच प्रमाणात कमी करायचे. आर ११, एक्स ६.५. सेट व्होल्टेज ११८.५.

तपासून बघा: पीकला ११८.५ + ६.४ = १२४.९. त्यातून ९.२ गेले, टोकाला ११५.७. मध्यरात्री ११८.५ + १.३ = ११९.८. त्यातून १.८ गेले, टोकाला ११८.

शेवटचा_खांब

काका, माफ करा, पण मग मिळालं काय? आत्ता टोकाला पीकला ११४.८ आहेत. तुमच्या सेटिंगने ११५.७. एवढा खटाटोप करून एक व्होल्ट?

जुनी_टाकी

बरोबर विचारलंत. पीकचा आकडा बघू नका, दोन आकड्यांमधलं अंतर बघा. आज टोकाचा डीपी ११४.८ ते १२२.२ असा हेलकावे खातो. साडेसात व्होल्ट. त्यामुळेच त्याचा टॅप हलवता येत नाही, रात्र आडवी येते. एलडीसीने तोच डीपी ११५.७ ते ११८ मध्ये बसतो. रात्रीसुद्धा १२० च्या खाली. आता शेवटच्या चार-पाच किलोमीटरमधल्या डीपींचे टॅप बिनधास्त एक घर, अडीच टक्के, वाढवा. त्यांच्या एलटीला पीकला ११८.६ आणि रात्री १२१ च्या हिशोबाचं मिळेल, वर ट्रान्सफॉर्मरचा आणि एलटी तारेचा ड्रॉप पचवायला जागा राहील.

टॅप फिरवताना डीपी दोन्ही बाजूंनी बंद करूनच. ते स्विच चालू लाइनवर फिरवायचे नसतात. हे तुम्हाला माहीत असणार, पण वाचणारे बाकीचेही आहेत.

दुसरं, पीकला रेग्युलेटरच्या आत किती येतात? ते न बघता वरचं सगळं कागदावरच राहील.

शेवटचा_खांब

हेलकाव्याचं आता डोक्यात बसलं. मी सगळा वेळ पीकच्या आकड्याशीच झटत होतो.

आत येणारं पीकला १०.६ केव्ही. आपल्या मापात ११५.५.

जुनी_टाकी

म्हणजे १२४.९ ला ८.१ टक्के वाढ लागेल, १३ पायऱ्या वर. सोळापैकी तेरा. तीन शिल्लक. चालेल, पण सैल नाही. आत १०.४ केव्ही यायला लागले तर १६ वर पोचूनही थोडं कमीच पडेल, आणि तिथे आर-एक्स कितीही वाढवा, टाकी पुढे जाणार नाही.

दोन_टाक्या

मध्येच घुसतो. माझ्याकडे असाच फीडर आहे. आर-एक्स असे सरळ टाकायचे नसतात! ३० अंश फिरवावे लागतात. एका टाकीचा एक्स जवळजवळ शून्य येतो आणि दुसरीचा आर कमी होतो. मी सरळ टाकले तेव्हा दोन टाक्या दोन वेगळ्या टॅपवर जाऊन बसल्या. शेवटचा_खांब, हे आधी करा, नाहीतर सगळं गणित वाया.

ओहमपंत

तुमच्या दोनच टाक्या आहेत, म्हणजे ओपन डेल्टा. त्यांच्या तीन आहेत, स्टारमध्ये. तुमची पीटी फेज ते फेज बघते आणि सीटी एका फेजचा करंट, त्यात ३० अंशांचा फरक पडतो. त्यांची पीटी आणि सीटी एकाच फेजवर आहेत. त्यांना फिरवायचं काही नाही.

जुनी_टाकी

ओहमपंत बरोबर बोलले. दोन_टाक्या, तुमच्या बाबतीत मात्र एक विचारतो. कंट्रोलमध्ये जोडणीचा प्रकार निवडायची सोय आहे का? नव्या कंट्रोलमध्ये ओपन डेल्टा निवडलं की ते अंश कंट्रोल स्वतःच फिरवतो. तुम्ही हातानेही फिरवले तर दोनदा फिरले. टाक्या दोन टॅपवर बसण्याचं ते एक कारण असू शकतं.

दोन_टाक्या

निवडायची सोय आहे. मी ते निवडलंय. आणि हातानेही फिरवलंय. उद्या बघून येतो.

शेवटचा_खांब

काल सेटिंग टाकलं. आर ११, एक्स ६.५, सेट ११८.५, बँड २, वरची मर्यादा १२६. वेळ ४५ सेकंद, कारण सबस्टेशनचा टॅप चेंजर ३० सेकंदांनी हलतो, त्याला आधी हलू द्यायचं. शेवटच्या डीपीला लॉगर लावलाय, आठवडा ठेवतो.

संध्याकाळी प्लॅटफॉर्मखाली उभा होतो. लोड चढायला लागलं तशी एकेक टाकी दर थोड्या वेळाने आतून ‘खट्’ करायची आणि वरचा काटा एक घर सरकायचा. साडेसहाला ए आणि सी ११ वर होत्या. बी मात्र ८ वर. तिला करंट कमी असेल म्हणून सोडून दिलं.

उन्हाची_तिरीप

आमच्याकडे एलडीसी चालू केल्यावर लोड वाढलं की व्होल्टेज उतरायचं. पीकला टाकी खालच्या टॅपवर, रात्री वर. पंधरा दिवस सेटिंगशी खेळत बसलो. शेवटी कळलं की कंट्रोल बॉक्समध्ये सीटीच्या दोन वायरी उलट लागल्यात. शेवटचा_खांब, तुमच्या टाक्या लोडबरोबर वर चढताहेत म्हणजे तेवढं तरी ठीक आहे. करंटचं चिन्हही कंट्रोलच्या मीटरवर बघून घ्या, पॉवर पुढच्या दिशेने दाखवते का.

शेवटचा_खांब

बघितलं. तिन्ही पुढच्या दिशेनेच दाखवताहेत, पॉवर फॅक्टर ०.८९ ते ०.९१.

आणखी एक विसरलो होतो. रेग्युलेटरच्या पुढे ५ किमीवर ६०० केव्हीएआरचा कपॅसिटर बँक आहे, सध्या बंद. आता चालू करायचं म्हणताहेत. तो लागला की माझं ०.९ चं गणित कोसळणार का?

ओहमपंत

कोसळणार. पॉवर फॅक्टर ०.९९ होईल, करंट ९१ वर येईल, एलडीसी फसेल. बँक चालू असेल तेव्हा वेगळं सेटिंग लागेल.

जुनी_टाकी

थांबा, इथे तुमचं नशीब चांगलं आहे. बँकेचे साधारण ३१.५ अँपिअर. त्यामुळे एलडीसी ३१.५/२०० गुणिले ६.५, म्हणजे जेमतेम १ व्होल्ट कमी भरून काढेल. पण त्याच बँकेमुळे लाइनवरचा खरा ड्रॉपही कमी होतो: ५ किमीचा रिअॅक्टन्स १.८ ओहम, गुणिले ३१.५, भागिले ५३, म्हणजे १.०७ व्होल्ट. इकडे एक गेला, तिकडे एक वाचला. टोकाला काहीच कळणार नाही.

हा योगायोग वाटतो, पण तुमच्या सेटिंगला एक जागा असते. एक्स ६.५ ला उलटं सूत्र लावा, १.७२ ओहम, म्हणजे ४.८ किमी. आर ११ ला लावा, २.९ ओहम, तेही ४.८ किमीच. कंट्रोलच्या डोक्यात सगळं लोड ४.८ किमीवर टांगलेलं आहे. बँक त्या जागेच्या आसपास असेल तर चूक नाही. बँक तिच्या बरीच पुढे, समजा १२ किमीवर असती, तर टोक दीड व्होल्टने वर गेलं असतं. आणि रेग्युलेटरच्या अगदी पुढ्यात, १ किमीवर असती, तर टोक पाऊण व्होल्टने खाली. बँक रेग्युलेटरच्या मागे, सबस्टेशनच्या बाजूला असती, तर सीटीला ती दिसलीच नसती.

ओहमपंत

हे मी असं कधी मांडून बघितलं नव्हतं. वेगळ्या सेटिंगचं म्हणणं मागे घेतो.

दोन_टाक्या

हातानं फिरवलेलं काढलं, कंट्रोलवर सोपवलं. टाक्या आता एका घराच्या फरकाने चालताहेत. धन्यवाद.

शेवटचा_खांब

आठवडा झाला, लॉगर उतरवला. डीपीचा स्वतःचा ड्रॉप वजा करून रेग्युलेटरचं आउटपुट आणि टोक यांमधला फरक करंटसमोर मांडला. ए आणि सी फेजचे ठिपके जवळजवळ सरळ रेषेत, अँपिअरला ०.०९ च्या आसपास. गणितातले ९.२ भागिले १०० म्हणजे ०.०९२. मला स्वतःलाच विश्वास बसेना.

बी फेजने मात्र खेळ केला. तिचा पीक फक्त ७८ अँपिअर, पण टोकापर्यंतचा ड्रॉप ९.४. अँपिअरला ०.१२. पीकला बीचं आउटपुट १२३.५ आणि टोकाला ११४.१. इतर दोन्हींपेक्षा दीड व्होल्टने वाईट. टाकी बिचारी शिस्तीत चाललीय, लोड कमी दिसतं म्हणून कमी चढते.

जुनी_टाकी

बीवर शेवटच्या भागात काही सिंगल फेज फाटे आहेत का?

शेवटचा_खांब

आहेत. ११ किमीच्या पुढे दोन फाटे, दोन्ही बीवर. जुन्या काळी जवळची तार म्हणून जोडले असावेत.

जुनी_टाकी

मग तिचं लोड सारखं पसरलेलं नाही, शेपटाकडे झुकलंय. तीन टाक्यांना तीन कंट्रोल आहेत, सगळ्यांना एकच आकडे द्यायची सक्ती नाही. बीसाठी वेगळं काढा, तेच दोन बिंदू धरून: २० अँपिअरला १२०, ७८ ला १२५. अँपिअरला ०.०८६ चढ लागतो. आर १५, एक्स ९, सेट ११८. पीकला ६.८ भरून १२४.८, टोकाला ११५.४. आणि बीची जागा ४.८ वरून साधारण साडेसहा किमीवर सरकली, ती आपल्या अंदाजाशी जुळते.

खरा उपाय फाटे वाटून देण्याचा. एक सी वर घेता आला तर बघा. पण तसं केलंत तर दोन्ही फेजचे आकडे पुन्हा काढावे लागतील, नाहीतर कमी लोडवर बी जास्त चढेल.

शेवटचा_खांब

बीचं बदललं. कालच्या पीकला टोकाला ११५.३. फाटा हलवायला शटडाउन मागितलाय. पण काट्यांकडे बघताना एक दिसलं: कमाल दाखवणारा लाल काटा ए आणि सी वर १४ ला आहे, बीवर १६ ला. म्हणजे एकदा तरी ती भिंतीला टेकून आलीय.

जुनी_टाकी

तो काटा कधी रिसेट केला होता? बसवताना चाचणीसाठी टाक्या हाताने वर-खाली नेतात, तेव्हाचाही असू शकतो. रिसेट करून आठवडा थांबा. परत १६ दिसला तर आत येणाऱ्या व्होल्टेजचा लॉग काढा.

शेवटचा_खांब

आठवत नाही. आज रिसेट केला.

आता नवीनच. लाइनवर ३ किमीला ५०० किलोवॅटचा सोलर येणार असं कळलं. काकांच्या जागेच्या हिशोबाने मीच करून बघितलं: सोलर २६ अँपिअर देणार, एलडीसी १.४ व्होल्ट कमी भरणार, पण ३ किमीवर असल्यामुळे खरा ड्रॉप ०.९ नेच कमी होणार. म्हणजे उन्हात टोकाला अर्धा व्होल्ट कमी. दुपारी लोड ६० च आहे, तेव्हा सोसेल. बरोबर?

जुनी_टाकी

बरोबर. वर आम्ही कपॅसिटरसाठी एक्स वापरला, सोलरसाठी तुम्ही आर वापरलात. तसंच.

उन्हाची_तिरीप

पण सुट्टीच्या दिवशी दुपारी लोड २० असेल तर पॉवर उलटी वाहील. तेव्हा कंट्रोल कुठल्या मोडमध्ये? आमच्याकडे दोन्ही दिशांचा मोड लावला होता. पॉवर उलटताच टाकी सबस्टेशनच्या बाजूचं व्होल्टेज सुधारायला गेली. ती बाजू सबस्टेशनने घट्ट धरलेली, हलणार कशी? टाकी टॅप मारत टोकाला जाऊन अडकली आणि सोलरच्या बाजूचं व्होल्टेज बिघडलं. मी तो मोड कधीच लावणार नाही.

ओहमपंत

सोलरसाठी कोजनरेशन मोड असतो. उलट वाहत असतानाही पुढचीच बाजू सांभाळतो, फक्त त्या वेळी वेगळे आर-एक्स घेतो. तो लावा.

जुनी_टाकी

मोड तोच, पण शेवटचा_खांब, उलट दिशेचे आर-एक्स किती ठेवायचे यावर माझं आणि ओहमपंतांचं जमेल असं वाटत नाही. मी शून्य ठेवतो.

ओहमपंत

शून्य ठेवलं तर ८ अँपिअर उलटे असताना आउटपुट नुसतं ११८.५ राहणार आणि टोकाला २० अँपिअरचं लोड तसंच. मी थोडं तरी ठेवीन.

जुनी_टाकी

टोकाला तेव्हाही ११७ च्या वरच आहेत. कशाला?

शेवटचा_खांब

सोलर जोडला की दुपारचा लॉगर लावतो आणि दोन्ही करून बघतो. तोपर्यंत बीचा लाल काटा सांगतो: रिसेट केल्यावर आज तिसरा दिवस, १४ वर आहे.

दीपमाळ

मी स्क्रू फिरवला. आता टकटक थांबलीय, पण पंखा हळू फिरतोय.

ओहमपंत

परत होता तिथे न्या.